नव्या घराचं पहिलं वीजबिल: रीडिंगपासून रुपयांपर्यंत

घराची किल्ली हातात आली की महिन्याभरात वीजबिलही येतं, आणि बहुतेक जण ते खालून वर वाचतात. आधी भरायची रक्कम बघायची, मग भुवया उंचावायच्या, आणि मग वरच्या ओळींमध्ये दोष शोधायचा. हा क्रम उलटा आहे. बिलातला जवळजवळ प्रत्येक रुपया दोन आकड्यांतून निघतो: दोन रीडिंगमधला फरक, आणि त्या दोन रीडिंगमधले दिवस. हे दोन आकडे बरोबर असतील तर पुढचं सगळं गणित कागदावर दहा मिनिटांत पडताळता येतं. ते चुकले असतील, तर दर कितीही बरोबर लावले तरी बिल चुकलेलंच असतं.

इथे महावितरणचं एक-फेज घरगुती बिल समोर धरलं आहे. मुंबईच्या काही भागांत वीज देणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत, त्यांच्या बिलाची मांडणी आणि दर वेगळे असतील, पण वाचायची रीत हीच. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात. म्हणून खालच्या हिशेबात मी मुद्दाम गोळाबेरीज करायला सोपे, कल्पित दर घेतले आहेत. तुमच्या बिलावर छापलेले दर त्यांच्या जागी घाला.

पहिली पायरी: मीटर तुमचाच आहे ना?

हे हास्यास्पद वाटेल. पण इमारतीच्या मीटररूममध्ये वीस-तीस मीटर एका ओळीत असतात, आणि वायरिंग करताना ३०२ ची वायर ३०३ च्या मीटरला जोडली गेली, असं घडतं. दोन्ही घरांत माणसं राहत असतील आणि वापर सारखाच असेल, तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. शेजारचं घर बंद झालं किंवा तिथे एसी बसला, की मग गोंधळ वर येतो. तोवर जुने पैसे कुणी कुणाला द्यायचे, हा वेगळाच वाद झालेला असतो.

तपासणी सोपी आहे. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर छापलेला क्रमांक जुळवा. मग घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटररूममध्ये जाऊन तो मीटर बघा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, वीज वापरली जाते तसतसा. घर पूर्ण बंद असताना तो थांबायला हवा. तो लुकलुकतच राहिला, तर दोन शक्यता उरतात: तो मीटर दुसऱ्याचा आहे, किंवा मीटरपासून तुमच्या मेन स्विचपर्यंतच्या वायरवर दुसरं काहीतरी जोडलेलं आहे. दोन्ही बाबतीत मीटरच्या सीलला हात न लावता वीज कंपनीला कळवायचं. सील तुटलेलं सापडलं तर बोट आधी तुमच्याकडेच दाखवलं जातं.

आता उलट चाचणी. मेन चालू करा, घरातलं बाकी सगळं बंद ठेवा, आणि एकच मोठं उपकरण लावा. विजेची किटली चांगली, कारण इस्त्रीसारखी ती मध्येच बंद-चालू होत नाही. मीटरवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ 3200 imp/kWh. म्हणजे ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. किटली १,५०० वॉटची असेल तर ती तासाला दीड युनिट घेईल, तेवढ्यात दिवा ४,८०० वेळा लुकलुकेल, म्हणजे मिनिटाला ८० वेळा. मोबाइलवर एका मिनिटाचा व्हिडिओ काढून सावकाश मोजा. ७० ते ९० च्या दरम्यान काहीही आलं तर काळजीचं कारण नाही, कारण व्होल्टेज कमी-जास्त असतं आणि किटलीवर छापलेले वॉटही काटेकोर नसतात. दीडशे आले, तर मात्र प्रकरण लावून धरण्यासारखं आहे. ही घरगुती चाचणी आहे. मीटर सदोष ठरवायचा तर कंपनीच्या चाचणीचाच निकाल चालतो. पण तक्रार करण्याआधी आपल्या हातात काहीतरी असावं.

दुसरी पायरी: रीडिंग आणि त्याच्या शेजारचा शब्द

मीटरचा पडदा आळीपाळीने बरंच काही दाखवतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी. आपल्याला हवं आहे ते ज्याच्या बाजूला नुसतं kWh लिहिलेलं असतं ते. नुसतं kW दिसलं तर तो वेगळा आकडा आहे. एक kWh म्हणजे एक युनिट. दशांशचिन्हाकडे लक्ष द्या, 4386.7 हे चार हजार तीनशे शहाऐंशी आहे, त्रेचाळीस हजार नाही. शेवटचा अंक मोजून तक्रार करायला गेलेली माणसं बरीच असतात.

बिलावर ओळ अशी असते: चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट, एकूण. घरगुती जोडणीत गुणक अवयव १ असतो, त्यामुळे साधी वजाबाकी. समजा चालू ४,३८६ आणि मागील ४,२१८. फरक १६८ युनिट. बिलावर मीटरचा फोटो छापला असेल तर त्यातला आकडा आणि छापलेलं चालू रीडिंग ताडून बघा. फोटो धूसर किंवा चुकीच्या मीटरचा असेल, तर तोच तुमचा पुरावा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि सर्वांत दुर्लक्षित: रीडिंग कशा प्रकारचं आहे. ते प्रत्यक्ष घेतलेलं असेल तर नॉर्मल असं काहीतरी असतं. कुलूप असल्याने घेता आलं नाही तर लॉक, मीटर बिघडला असेल तर फॉल्टी. शेवटच्या दोन्ही प्रकारांत बिल अंदाजाचं असतं, म्हणजे आधीच्या महिन्यांची सरासरी काढून लावलेलं. नव्या घरमालकाच्या बाबतीत ही सरासरी आधीच्या मालकाची असते. तो चार एसी लावून राहत होता की घर वर्षभर बंद होतं, यावर तुमचं पहिलं बिल ठरतं, तुमच्या वापरावर नाही. अशा बिलात चालू आणि मागील रीडिंग सारखंच दिसतं आणि तरीही युनिट लावलेले असतात. हे दिसलं की समजायचं.

अंदाजाचं बिल अधूनमधून येणं गैर नाही. पण केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिलं देता येत नाहीत. आपत्तीसारखी असाधारण परिस्थिती सोडली तर, त्यानंतरही अंदाजच लावत राहिले तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत पैसे भरायला नकार देण्याचा हक्क ग्राहकाला आहे. हा हक्क वापरायचा तर लेखी कळवूनच वापरा. नुसतं न भरता बसलात तर तुम्ही साधे थकबाकीदार ठरता.

ताबा घेतला त्या दिवशी तारीख दिसेल असा मीटरचा फोटो काढा आणि विकणाऱ्यालाही पाठवून ठेवा. जुन्या मालकाची थकबाकी घरापाठोपाठ नव्या मालकाकडे येऊ शकते. के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वीजपुरवठा संहितेत तशी तरतूद असेल तर ती वैध ठरवली. म्हणून खरेदीखताच्या आधी शेवटचं बिल आणि ते भरल्याची पावती मागून घेणं हे आगाऊपणाचं नाही.

तिसरी पायरी: टप्पे कसे लागतात

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. "शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळंच महाग होतं," हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कुणीतरी ठामपणे सांगतंच. तसं नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे असे आहेत: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि ५०० च्या पुढचे. प्राप्तिकराचे टप्पे जसे लागतात तसेच हे लागतात. तुम्ही १६८ युनिट वापरले तर पहिले १०० पहिल्या टप्प्याच्या दराने आणि फक्त उरलेले ६८ दुसऱ्या टप्प्याच्या दराने. शंभर पार केल्याने पहिले शंभर महाग होत नाहीत.

कल्पित दर घेऊ. पहिला टप्पा साडेचार रुपये, दुसरा दहा, तिसरा चौदा, चौथा सोळा. पहिल्या १०० युनिटांचे ४५० रुपये आणि पुढच्या ६८ चे ६८०. बेरीज १,१३०. बिलावर याला वीज आकार म्हणतात.

पण तेवढ्यावर थांबत नाही. प्रत्येक युनिटवर आणखी दोन गोष्टी चढतात. एक वहन आकार, म्हणजे वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचं भाडं. सव्वा रुपया धरला तर १६८ युनिटांचे २१० रुपये. दुसरा इंधन समायोजन आकार. कंपनीला वीज ज्या किमतीत मिळेल असं आयोगाने दर ठरवताना गृहीत धरलं होतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात महाग पडली, तर तो फरक नंतरच्या बिलांमधून वसूल होतो. कोळसा महागला किंवा उन्हाळ्यात बाजारातून वीज घ्यावी लागली की हा वाढतो, आणि खर्च कमी आला तर तो शून्य किंवा उणेही असू शकतो. सारखेच युनिट वापरूनही या महिन्याचं बिल मागच्यापेक्षा वेगळं येतं, त्याचं कारण बहुतेक वेळा या ओळीत सापडतं. खऱ्या बिलात हा टप्प्यानुसार वेगवेगळा लागतो. इथे सरसकट ३० पैसे धरू: ५० रुपये ४० पैसे.

मग स्थिर आकार, समजा १३० रुपये महिना. याबद्दल फार तक्रार होते, कारण घर बंद असलं तरी तो येतो. तो वापराचा पैसा नाही. जोडणी तुमच्यासाठी तयार ठेवल्याचा आहे. दिवा एकही न लावता राहिलात तरी आमच्या कल्पित दरांनी १३० रुपये अधिक त्यावरचं शुल्क, म्हणजे १५० रुपये ८० पैसे येतीलच. तीन-फेज जोडणीचा स्थिर आकार एक-फेजच्या तिप्पटीच्या घरात असतो. आधीच्या मालकाने कधीकाळी तीन-फेज घेतली असेल आणि तुमच्या घरात दोन पंखे, फ्रिज आणि टीव्ही एवढंच असेल, तर एक-फेजसाठी अर्ज करणं हा दरमहाचा पैसा वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यासाठी आधी इलेक्ट्रिशियनकडून घराचा एकूण भार मोजून घ्या.

आत्तापर्यंतची बेरीज: १,१३० अधिक २१० अधिक ५०.४० अधिक १३०, म्हणजे १,५२०.४०. या सगळ्या बेरजेवर महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागतं. हा राज्य सरकारचा कर आहे, कंपनीचा नाही. तो २४३.२६ रुपये. एकूण बिल १,७६३ रुपये ६६ पैसे.

या आकड्याला १६८ ने भागलं तर युनिटला साडेदहा रुपये पडतात, आणि लोक हाच आकडा डोक्यात ठेवतात. तो फसवा आहे. तुम्ही आज एक युनिट वाचवलं तर साडेदहा वाचत नाहीत. कमी होतं ते वरच्या टप्प्यातलं, म्हणजे दहाचं युनिट, त्यावरचा वहन आकार आणि इंधन समायोजन धरून ११.५५, आणि शुल्कासह १३ रुपये ४० पैसे. याउलट पहिल्या टप्प्यातलं युनिट सगळं धरून सात रुपयांचं आहे. म्हणून ९० युनिट वापरणाऱ्याने जुना पंखा बदलून जे वाचेल, त्याच्या जवळजवळ दुप्पट १६८ वापरणाऱ्याचं वाचतं, आणि ३०० पार केलेल्याचं त्याहून जास्त. नवा एसी घेताना जाहिरातीतल्या "युनिटचा सरासरी दर"ऐवजी आपल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर धरून हिशेब करावा. एसी ज्या युनिटांवर चालणार, ती युनिटं तिथेच पडणार आहेत.

चौथी पायरी: दिवस मोजा

आतापर्यंतचा हिशेब तीस दिवसांचा होता. रीडिंग घेणारा माणूस दर महिन्याला त्याच तारखेला येईल असं नाही. तो सहा दिवस उशिरा आला तर? १६८ युनिट तीस दिवसांत म्हणजे दिवसाला ५.६. छत्तीस दिवसांत साधारण २०२. आता पहिला टप्पा १०० चाच ठेवला, तर १०२ युनिट दहाच्या दराने जातील. पण तुमचा वापर तर वाढलेला नाही, फक्त दिवस वाढले. म्हणून टप्पाही दिवसांच्या प्रमाणात ताणायला हवा: छत्तीस दिवस म्हणजे १.२ महिने, म्हणून पहिला टप्पा १२० युनिटांचा. त्या वीस युनिटांवर साडेपाच रुपयांचा फरक, म्हणजे ११० रुपये, शुल्कासह १२७ रुपये ६० पैसे. बिलावर दोन्ही रीडिंगच्या तारखा असतात. दिवस मोजायचे, तीसने भागायचं, आणि पहिल्या टप्प्यात किती युनिट लावले ते त्या प्रमाणात आहेत का बघायचं. थोडासा फरक महिना ३० की ३१ दिवसांचा धरला यामुळे येतो, तो सोडून द्या.

हे तत्त्व महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर अनुभवलं ते जून २०२० मध्ये. टाळेबंदीमुळे रीडिंग बंद होतं, लोकांना सरासरीची बिलं गेली होती, ती हिवाळ्यातल्या कमी वापरावर आधारलेली. मग एकदम उन्हाळ्याच्या महिन्यांचा खरा वापर एकाच बिलात आला आणि राज्यभर ओरड झाली. टप्प्यांचा फायदा महिन्यांच्या प्रमाणात दिला आहे, हे समजावून सांगता सांगता कंपनीची दमछाक झाली. हिशेबाची रीत तेव्हा घराघरात चर्चेला आली होती. आता बहुतेक विसरली गेली आहे.

पाचवी पायरी: लॉकनंतरचं मोठं बिल सोडवून बघू

नव्या मालकाच्या वाट्याला हमखास येणारा प्रसंग हाच. समजा शेवटचं खरं रीडिंग ४,३८६ होतं. रंगकाम चालू होतं, दुपारी दार बंद, मीटर घराच्या आत. पुढचे दोन महिने लॉक लागलं आणि प्रत्येक महिन्याला ६० युनिटांची सरासरी आली. त्या प्रत्येक बिलाची रक्कम आमच्या दरांनी ५७१.८८ रुपये. दोन्ही मिळून तुम्ही १,१४३.७६ भरले आणि स्वस्तात सुटलो म्हणून खूश झालात. तिसऱ्या महिन्यात रीडिंग झालं: ४,८०६. तीन महिन्यांत ४२० युनिट.

आता बरोबर हिशेब असा. तीन महिने आहेत, म्हणून पहिला टप्पा ३०० युनिटांचा झाला. ३०० युनिट साडेचारने, म्हणजे १,३५०. उरलेले १२० दहाने, १,२००. वीज आकार २,५५०. वहन आकार ५२५, इंधन समायोजन १२६, तीन महिन्यांचा स्थिर आकार ३९०. बेरीज ३,५९१, त्यावर शुल्क ५७४.५६, एकूण ४,१६५.५६. यातून आधी लावलेल्या दोन बिलांचे १,१४३.७६ वजा. ही वजाबाकी बिलात समायोजन किंवा लॉक क्रेडिट अशा एखाद्या ओळीत उणे चिन्हासह येते. उरले ३,०२१.८०. रक्कम मोठी आहे, पण बरोबर आहे. तुम्ही ती वीज खरंच वापरली आहे.

चूक दोन ठिकाणी होऊ शकते. पहिली ढळढळीत: सगळे ४२० युनिट एका महिन्याचे धरले जातात. मग १०० साडेचारने, २०० दहाने आणि १२० चौदाने, वीज आकार थेट ४,१३०. शुल्क धरून तुम्ही १,८३२.८० रुपये जास्त भराल. ही चूक पटकन दिसते, कारण तीनशेच्या पुढच्या टप्प्यात युनिट पडलेले असतात आणि तुमचा महिन्याचा वापर १४० चा आहे.

दुसरी चूक जास्त अवघड, कारण ती बघायला बरोबर वाटते. रुपये वजा करायच्या ऐवजी युनिट वजा होतात: ४२० मधून आधीचे १२० गेले, उरले ३००, आणि ते चालू महिन्याचे म्हणून आकारले. तीनशेच्या वर काही गेलं नाही, त्यामुळे शंका येत नाही. पण यात १०० साडेचारने आणि २०० दहाने जातात. आधीच्या दोन महिन्यांत पहिल्या टप्प्याचे प्रत्येकी ४० युनिट न वापरता उरले होते, ते ८० युनिट दहाच्या दराने तुमच्या माथी बसले. फरक ४४० रुपये, शुल्कासह ५१०.४०. म्हणून अशा बिलात एकच प्रश्न विचारायचा: पहिल्या टप्प्यात एकूण किती युनिट लागले? तीन महिने असतील आणि वापर पुरेसा असेल, तर उत्तर ३०० च्या आसपास यायला हवं.

सरासरी जास्त लागली असेल तर हीच प्रक्रिया उलट्या दिशेने होते. खरं रीडिंग आलं की जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात. लॉक टाळायचं असेल तर महावितरणच्या ॲपवरून ग्राहकाला स्वतः रीडिंग आणि फोटो पाठवता येतो. मुदत पाळली तर दुपारी कुणी घरी नसण्याने काही बिघडत नाही. स्मार्ट मीटर बसला की रीडिंग आपोआप जातं आणि लॉकचा प्रश्नच मिटतो. त्या बिलात दिवसाच्या काही तासांच्या वापरावर सवलतीची वेगळी ओळही दिसू शकते.

उरलेल्या ओळी

बिलाच्या डोक्यावर दर संकेत किंवा दर श्रेणी छापलेली असते. ती घरगुती आहे ना, ते एकदाच पण जरूर बघा. घरात आधी कार्यालय किंवा क्लास चालत असेल तर जोडणी वाणिज्यिक दराने चालू असू शकते, आणि नव्या इमारतीत बिल्डरची बांधकामाची तात्पुरती जोडणीच पुढे चालत राहिलेली असू शकते. बाकी सगळं रीडिंग-टप्पे बरोबर आणि दरच चुकीच्या खान्यातला, असं बिल कितीही तपासलं तरी पैसे कमी होत नाहीत. श्रेणी बदलून घेतली की होतात.

भरायच्या रकमेच्या जागी तीन आकडे असतात: लवकर भरलं तर, देय तारखेपर्यंत, आणि त्यानंतर. लवकर भरणाऱ्याला छोटी सवलत मिळते, उशीर झाला तर विलंब आकार लागतो, आणि थकलेल्या रकमेवर पुढे व्याजही चढतं. आधीच्या मालकाने थकवलेले पैसे याच भागात मागील थकबाकी म्हणून दडलेले असतात, म्हणून एकूण रक्कम मोठी दिसली की आधी ही ओळ बघा, टप्पे नंतर.

वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं आणि लोक ते दुसरं वीजबिल समजून फेकून देतात. ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी ठेवावी लागते. वापर वाढला की फरक मागतात. हा खर्च नाही, ठेव आहे. तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात वजा होऊन येतं. घर घेताना आधीच्या मालकाची ठेव तुमच्या नावे होणार की तो परत घेणार, हे व्यवहारातच लिहून घ्या. नावबदलाचा अर्जही तेव्हाच करून टाका. बिल दुसऱ्याच्या नावावर असताना तक्रार करायला गेलात तर पहिला प्रश्न "तुम्ही कोण?" हाच असतो.

चूक सापडलीच तर

उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्यात फक्त आकडे लिहा: दोन रीडिंग, दोन तारखा, दिवस, पहिल्या टप्प्यात लागायला हवे होते ते युनिट आणि लागलेले युनिट. सोबत मीटरचा फोटो. पोच घ्या. "बिल खूप आलं आहे" असा अर्ज सरासरी वापराचं कोष्टक दाखवून परत येतो. "पहिल्या टप्प्यात ३०० ऐवजी १०० युनिट लावले आहेत" या वाक्याला उत्तर द्यावंच लागतं.

निर्णय होईपर्यंत वीज तोडली जाण्याची भीती असते. विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ इथे उपयोगी पडतं. तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती "हरकत नोंदवून" भरली, तर वाद चालू असताना पुरवठा तोडता येत नाही. पैसे भरताना पत्रात तसे शब्द लिहायचे, नाहीतर ते मान्य करून भरले असं समजलं जातं. कार्यालयात काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. दोन्ही ठिकाणी वकील लागत नाही. वरचं आकड्यांचं पान आणि पोच असलेली अर्जाची प्रत लागते.